फिलिप्स वक्र: थोडी महागाई सोसून नोकऱ्या वाढवता येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिप्स वक्र म्हणजे नेमकं काय?

आडव्या अक्षावर बेरोजगारीचा दर आणि उभ्या अक्षावर महागाईचा दर घेतला आणि एखाद्या देशाच्या दरवर्षीच्या आकड्यांचे ठिपके मांडले, तर काही काळ ते ठिपके डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या रेषेवर बसतात. बेरोजगारी कमी त्या वर्षी महागाई जास्त, बेरोजगारी जास्त त्या वर्षी महागाई कमी. ही उतरती रेषा म्हणजे फिलिप्स वक्र.

तिचा मोह कशात आहे ते लगेच कळतं. रेषा खरोखर स्थिर असेल तर सरकारला तिच्यावरचा हवा तो ठिपका निवडता येईल. दोन टक्के जास्त महागाई चालवून घेऊ, लाखो लोकांना काम मिळेल. पुढचे बहुतेक प्रश्न या एका 'असेल तर'भोवती फिरतात.

हे फिलिप्स कोण?

ए. डब्ल्यू. फिलिप्स, मूळचे न्यूझीलंडचे. विद्युत अभियंता, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या युद्धकैदेत राहिलेले, नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रज्ञ झालेले. १९४९ मध्ये त्यांनी टाक्या, नळ्या आणि झडपा जोडून एक यंत्र उभं केलं होतं. त्यात रंगीत पाणी देशाच्या उत्पन्नासारखं फिरायचं, कराची झडप उघडली की एका टाकीतलं पाणी दुसरीत जायचं. त्यांची विचार करण्याची पद्धत त्या यंत्रात दिसते.

१९५८ मध्ये त्यांनी ब्रिटनचे १८६१ ते १९५७ या काळातले आकडे मांडले. एक बारकावा बहुतेक ठिकाणी गळतो: त्यांच्या उभ्या अक्षावर वस्तूंच्या किमती नव्हत्या, मजुरीच्या वाढीचा दर होता. बेरोजगारी अडीच टक्क्यांच्या किंचित खाली राहिली तर मजुरी उत्पादकतेइतकीच वाढेल आणि किमती स्थिर राहतील, असा त्यांचा अंदाज होता. मजुरी अजिबात वाढू नये असं वाटत असेल तर बेरोजगारी साडेपाच टक्क्यांच्या आसपास लागेल.

मग मजुरीच्या जागी महागाई कशी आली?

अमेरिकेत १९६० मध्ये पॉल सॅम्युएल्सन आणि रॉबर्ट सोलो यांनी ती आणली. हिशोब साधा आहे. मजुरी वर्षाला ५ टक्के वाढली आणि त्याच कामगाराकडून होणारं उत्पादन २.५ टक्के वाढलं, तर प्रत्येक नगामागचा मजुरीखर्च साधारण २.५ टक्के वाढतो. कारखानदार तेवढी किंमत वाढवतो. म्हणून मजुरीवाढीतून उत्पादकता वजा केली की महागाई उरते.

या दोघांनी अमेरिकेसाठी अंदाज दिला: किमती स्थिर ठेवायच्या तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास बेरोजगारी सोसावी लागेल आणि बेरोजगारी ३ टक्क्यांवर आणायची तर वर्षाला ४ ते ५ टक्के महागाई. जणू हॉटेलातलं दरपत्रक. हे नातं पुढच्या काही वर्षांपुरतं आहे, धोरणामुळे वक्रच सरकू शकतो, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. दरपत्रक सगळ्यांच्या लक्षात राहिलं, तळटीप कुणी वाचली नाही. दोघांवर नंतर झालेली टीका म्हणूनच मला थोडी अन्यायाची वाटते.

महागाई वाढल्याने लोकांना काम का मिळावं?

महागाई काम देत नाही. मागणी काम देते, आणि मागणी वाढली की किमतीही वाढतात. सरकारने खर्च वाढवला किंवा मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवले की दुकानात गिऱ्हाईक वाढतं. ते वाढलेलं गिऱ्हाईक पुढे नोकऱ्यांत कसं बदलतं, हे एका कारखान्यात शिरून पाहू.

बूट बनवणारा एक कारखाना घ्या. जानेवारीत कामगारांशी मजुरीचा करार झाला. किमती वर्षभरात २ टक्के वाढतील असं दोन्ही बाजूंनी धरलं होतं आणि त्या हिशोबाने मजुरी ठरली. मार्चमध्ये मागणी वाढली आणि बुटांचे भाव ४ टक्क्यांनी चढले. मालकाला बुटामागे जास्त पैसे मिळतात, मजुरी मात्र जानेवारीच्याच दराने द्यायची आहे. म्हणजे त्याच्या दृष्टीने कामगार स्वस्त झाला. तो आणखी पाच जणांना घेतो, जादा पाळी सुरू करतो.

कामगाराच्या बाजूने पाहा. त्याला जादा पाळीचे पैसे मिळतात, गावाकडचा भाऊही कामाला लागतो. डाळ-साखरेचे भाव आपल्या अंदाजापेक्षा जास्त चढलेत हे त्याला हळूहळू कळतं, आणि कळलं तरी करार डिसेंबरपर्यंत बांधलेला आहे. नोकऱ्या वाढल्या त्या या अंदाज आणि वास्तव यांतल्या २ टक्क्यांच्या फरकामुळे. ४ टक्के महागाई जानेवारीतच सगळ्यांनी गृहीत धरली असती, तर मजुरी त्याच हिशोबाने ठरली असती आणि मालकाला एकही जादा माणूस परवडला नसता.

मग दीर्घकाळात काय बिघडतं?

पुढचा जानेवारी येतो. कामगार हिशोब घेऊनच बसतो: गेल्या वर्षी २ टक्के गृहीत धरले, भाव वाढले ४ टक्क्यांनी, माझी खरी मजुरी घटली. या वर्षी ४ धरा, आणि मागचं भरून द्या.

मिल्टन फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात हेच मांडलं. एडमंड फेल्प्स त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते. अदलाबदल होते ती महागाई आणि बेरोजगारी यांची नाही, *अनपेक्षित* महागाई आणि बेरोजगारी यांची. सूत्रात लिहायचं तर:

```
महागाई = अपेक्षित महागाई − a × (बेरोजगारी − नैसर्गिक दर)
```

यात आकडे घालून बघा. नैसर्गिक दर, म्हणजे ज्या बेरोजगारीला महागाई ना चढते ना उतरते तो दर, ५ टक्के धरा. `a`, म्हणजे बेरोजगारी एक टक्का हलली की महागाई किती टक्के हलते तो आकडा, १ धरा. लोक गेल्या वर्षीइतकीच महागाई यंदा होईल असं मानतात, आणि गेल्या वर्षी ती २ टक्के होती. आता सरकार ठरवतं, काहीही करून बेरोजगारी ४ टक्क्यांवर ठेवायची.

पहिल्या वर्षी महागाई ३ टक्के. वाईट सौदा नाही, एक टक्का महागाई देऊन एक टक्का लोकांना काम मिळालं. पण दुसऱ्या वर्षी लोक ३ टक्के धरून बसलेले असतात, म्हणून तीच ४ टक्के बेरोजगारी टिकवायला महागाई ४ टक्के लागते. तिसऱ्या वर्षी ५, पाचव्या वर्षी ७. ठिपका वक्रावरून सरकत नाही, अख्खा वक्रच दरवर्षी एक पायरी वर चढतो. आणि पाचव्या वर्षी सरकारने हात आखडता घेऊन बेरोजगारी परत ५ टक्क्यांवर नेली, तरी महागाई २ वर येत नाही, ती ७ वरच थांबते. खाली आणायची तर बेरोजगारी पाच वर्षं ६ टक्क्यांवर ठेवावी लागेल. जेवढं घेतलं तेवढं परत द्यावं लागतं.

म्हणून दीर्घकाळात हा वक्र उतरता राहत नाही, नैसर्गिक दरावर उभी रेषा होतो. २ टक्के महागाई असो की ७, ती सवयीची झाली की बेरोजगारी तीच राहते.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात असं घडलं का?

अमेरिकेत घडलं, आणि भाषणानंतर दोन-तीन वर्षांतच दिसू लागलं. सिद्धांत आधी आणि पुरावा नंतर असं अर्थशास्त्रात क्वचित होतं, म्हणून मी इतर देश सोडून याच उदाहरणावर थांबतो.

१९६१ मध्ये तिथे बेरोजगारी ६.७ टक्के आणि महागाई १ टक्का होती. सरकारी सल्लागारांनी ४ टक्के बेरोजगारी हे लक्ष्य ठरवलं. करकपात झाली, मग व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढला. १९६६ मध्ये बेरोजगारी ३.८ आणि महागाई २.९, १९६९ मध्ये ३.५ आणि ५.५. हे ठिपके कागदावर जोडले तर पाठ्यपुस्तकात छापावा असा सुबक वक्र निघतो.

पण १९६६ आणि १९६९ या दोन ठिपक्यांकडे पुन्हा बघा. बेरोजगारी जेमतेम ०.३ टक्क्याने उतरली आणि महागाई जवळपास दुप्पट झाली. वक्र तिथे फार उभा होता असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. खरं तर तो सरकायला लागला होता. १९७० मध्ये बेरोजगारी वाढून ४.९ वर गेली, तेव्हा महागाई उतरायला हवी होती. ती ५.७ झाली. १९७५ मध्ये बेरोजगारी ८.५ आणि महागाई ९.१, दोन्ही एकदम. मंदी आणि महागाई एकत्र नांदतात या प्रकाराला स्टॅगफ्लेशन हे नाव रूढ झालं.

पण सत्तरच्या दशकातली महागाई तेलामुळे होती ना?

बरीचशी, हो. १९७३-७४ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ३ डॉलरच्या आसपासवरून १२ डॉलरच्या घरात गेला. असा धक्का महागाई आणि बेरोजगारी दोन्ही वाढवतो. फिलिप्स वक्रात तो वेगळा घटक म्हणून घालावा लागतो, नाहीतर सगळा दोष अपेक्षांच्या माथी जातो.

मात्र १९७० मध्ये तेलाचा भडका उडालेला नव्हता. तेव्हा काय चाललं होतं ते जनरल मोटर्सच्या संपात दिसतं. त्या कामगारांच्या करारात महागाईनुसार मजुरी वाढवण्याचं कलम १९४८ पासून होतं, आपल्याकडच्या महागाई भत्त्यासारखं. १९६७ च्या करारात युनियनने त्या वाढीवर कमाल मर्यादा मान्य केली. तोवर महागाई किरकोळ असायची, मर्यादेचं कुणाला फार वाटलं नाही. पुढच्या तीन वर्षांत भाव चढले, भत्ता मर्यादेला अडकला, कामगार मागे पडले. १९७० च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ४ लाख कामगार संपावर गेले. दोन महिन्यांहून जास्त संप चालला आणि ती मर्यादा काढून टाकली गेली.

सूत्रातला 'अपेक्षित महागाई' हा शब्द हवेतला वाटतो, पण तो अशा करारांच्या कलमांत लिहिलेला असतो. एकदा भत्त्याची मर्यादा उठली की किमतीतली वाढ आपोआप मजुरीत उतरते आणि मागणी वाढवून कामगाराला चकवण्याची जागाच उरत नाही. पुढे तेल भडकलं तेव्हा ही यंत्रणा तयार होती, म्हणून एकदा चढलेला भाव वर्षानुवर्षं मजुरीत आणि किमतीत फिरत राहिला.

नैसर्गिक दर म्हणजे इतके लोक बेकार राहणं योग्य आहे, असं म्हणणं आहे का?

नाही. नावच फसवं आहे. नोकरी बदलणारे, गाव सोडून शहरात काम शोधणारे, ज्यांचं कौशल्य आणि उपलब्ध जागा जुळत नाहीत असे लोक यात येतात. प्रशिक्षण, रोजगाराची माहिती, कामगार कायदे यांनी हा दर खाली आणता येतो. नोटा छापून येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

खरी अडचण वेगळी आहे: हा दर कुठे मोजता येत नाही. तो मागाहून अंदाजाने काढतात आणि अंदाज बदलत राहतात. साठच्या दशकात ४ टक्के ठीक मानले गेले, नंतरच्या अंदाजांनी त्या काळासाठी साडेपाच ते सहाच्या आसपासचे आकडे दिले. म्हणजे धोरणकर्ते वरच्या उदाहरणातल्या सरकारसारखंच वागत होते, फक्त आपण नैसर्गिक दराच्या खाली आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओळखायची एकच बऱ्यापैकी खूण आहे: महागाई किती आहे हे बघू नका, ती दरवर्षी *वाढतेय* का ते बघा. तेल किंवा धान्याचा धक्का नसताना ती सलग चढत असेल, तर बेरोजगारी टिकण्याजोग्या पातळीच्या खाली आहे.

चढलेली महागाई उतरवायला किती किंमत मोजावी लागते?

पॉल व्होल्कर ऑगस्ट १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले. १९८० मध्ये महागाई १३.५ टक्के होती. त्यांनी अल्पमुदतीचे व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. ऑक्टोबर १९८१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर होता, साहजिकच घरबांधणी ठप्प झाली. बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून व्होल्करना टपालाने लाकडी फळकुटं पाठवली, कारण ती लावायला घरंच नव्हती. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला आले आणि बँकेच्या इमारतीला वेढा घातला.

हिशोब मांडून बघू. नैसर्गिक दर ६ टक्के धरला तर १९८० मध्ये बेरोजगारी ७.१ होती, म्हणजे १.१ जास्त. १९८१ मध्ये ७.६, जास्तीचे १.६. १९८२ मध्ये ९.७, जास्तीचे ३.७. १९८३ मध्ये ९.६, जास्तीचे ३.६. बेरीज बरोबर १०. या काळात महागाई १३.५ वरून ३.२ वर आली, म्हणजे साधारण १० टक्क्यांनी. महागाईचा प्रत्येक टक्का उतरवायला बेरोजगारीचा एक जादा टक्का एक वर्षभर सोसावा लागला. हा आकडा माझ्या ६ टक्क्यांच्या गृहीतावर टेकलेला आहे. ५.५ धरलात तर किंमत आणखी वाढते.

२०२२ नंतर अमेरिकेत महागाई उतरली, पण बेरोजगारी वाढलीच नाही. मग?

जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती, जून २०२३ मध्ये ३ टक्के. बेरोजगारी दोन्ही वेळी ३.६. व्होल्करच्या हिशोबाने हे अशक्य.

सूत्रातल्या पहिल्या पदात याचं बरंचसं उत्तर आहे. लोकांनी ९ टक्के महागाई पाहिली, पण पुढची पाच-दहा वर्षं अशीच जातील असं धरलं नाही. बँक ती २ टक्क्यांकडे आणेल हा विश्वास टिकला होता. जहाजांचा खोळंबा, चिपचा तुटवडा, युद्धामुळे चढलेलं इंधन हे धक्के ओसरले आणि महागाई त्यांच्याबरोबर उतरली, कारण ती करारांत मुरलेली नव्हती. धक्क्यांचा वाटा किती आणि व्याजदरवाढीचा किती, यावर अर्थशास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत.

दीर्घकाळात वक्र उभाच असतो, यावर सगळ्यांचं एकमत आहे का?

नाही. ऑलिव्हिए ब्लँचार्ड आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपकडे बोट दाखवलं: तिथे मंदी संपली तरी बेरोजगारी उतरली नाही. दीर्घकाळ काम नसलेला माणूस कौशल्य विसरतो, मालक त्याला बोलावत नाहीत, आणि नैसर्गिक दरच वर सरकतो. मग मंदीची किंमत तात्पुरती राहत नाही. दुसरी शंका अगदी कमी महागाईबद्दल आहे. हातात पडणारी रक्कम कमी झालेली कुणालाच चालत नाही, त्यामुळे शून्य महागाईत खरी मजुरी जुळवून घेणं अवघड जातं आणि वक्र तळाशी किंचित उतरता राहू शकतो.

भारतात हा वक्र दिसतो का?

पुसट दिसतो. आपल्याकडे करारबद्ध मजुरी थोड्यांचीच. शेतात एकाच्या कामाला तिघं लागतात आणि आकड्यांत तिघंही रोजगारात दिसतात, म्हणून मागणी घटली तरी बेरोजगारीचा दर फारसा हलत नाही. सध्याचं दरवर्षीचं रोजगार सर्वेक्षणही २०१७-१८ पासूनच आहे. शिवाय २०१२ पाया असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचं वजन सुमारे ४६ टक्के होतं. टोमॅटो आणि कांदा व्याजदराला विचारून महाग होत नाहीत. म्हणून रिझर्व्ह बँक बेरोजगारीऐवजी अर्थव्यवस्था क्षमतेच्या किती वर-खाली चालली आहे याचा अंदाज घेते. अपेक्षांकडे मात्र तिचं बारीक लक्ष असतं, मुंबईसह अनेक शहरांतल्या घरांना 'पुढच्या वर्षभरात भाव किती वाढतील असं वाटतं?' असं ती नियमित विचारते. २०१६ पासूनच्या ४ टक्के लक्ष्यामागे हाच विचार आहे.

स्वतः आलेख काढून बघायचा असेल तर?

सेंट लुईस फेडच्या FRED या संकेतस्थळावर `UNRATE` आणि `CPIAUCSL` या मालिका मोफत मिळतात. दुसऱ्या मालिकेत निर्देशांक आहे, त्याची वार्षिक सरासरी काढून टक्केवारीतली वाढ घ्या. आधी १९६१ ते १९६९ चे ठिपके टाका, उतरता वक्र दिसेल. मग १९७० ते १९८३ चे टाका, सगळा विस्कोट होईल.

आता उभ्या अक्षावर महागाईऐवजी महागाईतला *बदल* घ्या, म्हणजे यंदाचा दर वजा गेल्या वर्षीचा, आणि १९७५ ते १९८३ पुन्हा मांडा. १९७९ मध्ये बेरोजगारी ५.८, महागाई ३.७ ने चढली. १९७८ मध्ये ६.१, चढली १.१ ने. १९७६ मध्ये ७.७, उतरली ३.३ ने. १९८२ मध्ये ९.७, उतरली सुमारे ४ ने. विस्कटलेल्या ठिपक्यांतून रेषा पुन्हा वर येते आणि सात टक्क्यांच्या जरा आसपास शून्य ओलांडते. १९८० चा ठिपका मात्र हट्टाने वर बसतो: बेरोजगारी ७.१ आणि तरी महागाई २.२ ने वाढलेली. इराणमधल्या क्रांतीनंतर तेल दुसऱ्यांदा भडकलं होतं, त्याचा तो ठिपका.